व्हीआरएसचा फॉर्म भरायच्या आधी एवढं वाचा

राम राम मंडळी, आपल्या जळगाव-भुसावळच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून सगळे आपल्या व्हीआरएस योजनेतलं "सर्व्हिसच्या दर वर्षाला दोन महिन्यांचा पगार" हे कलम एवढंच धरून हिशोब करताय, पण त्याच कलमाच्या पुढच्या ओळीत लिहिलंय की रिटायरमेंटला जेवढे महिने उरले त्यापेक्षा जास्त पगार मिळणार नाही, दोघांत जे कमी तेच.

काल एक दादा कागद घेऊन घरी आले होते. सर्व्हिस २८ वर्षं ७ महिने, बेसिक अधिक डीए ६० हजार. त्यांनी कागदावर ३३ लाख ६० हजार लिहून गोल केलेला, म्हणजे २८ दुणे ५६ महिने. पण त्यांचे उरलेत फक्त २० महिने, म्हणजे मिळणार १२ लाख. खूप वाईट वाटलं त्यांना सांगताना, मुलीचं लग्न त्या आकड्यावर ठरवत होते. तेवढं तर ते नोकरी करूनच कमावतील, वरून एचआरए आणि इन्क्रिमेंट वेगळं.

२२ वर्षं झालेल्या आणि ८ वर्षं बाकी असलेल्याला मात्र पूर्ण ४४ महिने मिळतात, कारण उरलेले ९६ आहेत.

तर आधी सर्व्हिस बुकमधली जन्मतारीख बघा, त्यावरून उरलेले महिने मोजा. सर्व्हिसची पूर्ण झालेली वर्षंच धरा, वरचे ७ महिने सोडा. पगार म्हणजे बेसिक आणि डीए, हातात येतो तो नाही. ग्रॅच्युइटी, पीएफ यात मिसळू नका, ते वेगळं मिळतं. ज्यांचे महिने कमी उरलेत त्यांनी सही करायच्या आधी मला कागद दाखवा.