मुदत संपलेल्या डीडीचे पैसे बुडत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेज प्रवेशांची धावपळ संपली की एक तक्रार दरवर्षी कानावर येते. प्रवेशाच्या वेळी दिलेला डिमांड ड्राफ्ट कॉलेजने वेळेत बँकेत भरला नाही, त्याची मुदत संपली आणि आता कॉलेज नवीन डीडी मागते आहे. मी बँकेतून निवृत्त झालो, पण आमच्या गल्लीतली माणसे अजून कागद घेऊन माझ्याकडे येतात. यंदा आलेल्या एका शेतकऱ्याची अडचण सगळ्यांना कळावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्यांनी मुलीच्या प्रवेशासाठी 24 जूनला 32,000 रुपयांचा डीडी काढला आणि कॉलेजच्या कार्यालयात दिला. तो तिथे फाइलमध्येच राहिला. ऑक्टोबरमध्ये कॉलेजने ‘मुदत संपल्याने परत करीत आहोत, नवीन डीडी द्यावा’ असे पत्र जोडून तो माघारी पाठवला. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी सुरू होती, मजुरीला आणि औषधांना पैसा लागत होता. बँकेच्या काउंटरवर त्यांना सांगितले गेले की डीडी कॉलेजच्या नावाचा आहे, तेव्हा अर्ज कॉलेजनेच करायला हवा. कॉलेज म्हणाले, डीडी तुम्ही काढलाय, तुम्हीच बघा. हे गृहस्थ सावकाराकडून आणखी 32,000 उचलण्याच्या तयारीत होते. हे ऐकून मला फार वाईट वाटले, कारण त्यांचे पहिले 32,000 बँकेतच पडून होते.

डीडी काढला त्याच दिवशी ती रक्कम आपल्या खात्यातून वजा होते आणि बँकेच्या स्वतःच्या देणी खात्यात जाते. डीडी वटेपर्यंत ती तिथेच राहते. संपते ती कागदाची मुदत, बँकेचे देणे संपत नाही. पूर्वी चेक आणि डीडीची मुदत सहा महिने होती. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने 1 एप्रिल 2012 पासून ती कागदावरील तारखेपासून तीन महिने झाली. त्यानंतर आलेल्या डीडीवर बँकेने पैसे द्यायचे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. दहा वर्षे कोणी मागितलेच नाहीत तर हे पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होतात, पण तेव्हासुद्धा हक्कदाराला बँकेकडे दावा करता येतो.

आता अर्ज कोणी करायचा? ज्याने डीडी काढला त्याने, आणि शक्यतो ज्या शाखेतून काढला तिथेच. बँकेचा व्यवहार त्याच्याशी झालेला असतो. 15 सप्टेंबर 2018 पासून डीडीच्या दर्शनी भागावर काढणाऱ्याचे नाव छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे अर्जदार कोण याबद्दल वाद उरत नाही. ज्याच्या नावे डीडी आहे त्याने मूळ कागद काढणाऱ्याकडे परत द्यायचा आणि सोबत दोन ओळींचे पत्र द्यायचे: डीडी वटवलेला नाही, मुदत वाढवून किंवा नवीन काढून द्यावा. या पत्राला फार किंमत आहे. डीडी एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की त्याचाही त्यावर हक्क तयार होतो, म्हणून बँक त्याची संमती पाहते. आमच्या या शेतकऱ्याने कॉलेजचे पत्र निरुपयोगी समजून घरीच ठेवले होते, आणि पुढचे काम झाले ते त्याच पत्रामुळे.

अर्जात डीडीचा क्रमांक, तारीख, रक्कम, कोणाच्या नावे आणि कुठे देय, पैसे कोणत्या खात्यातून गेले हे लिहावे. न वटण्याचे कारण एका वाक्यात द्यावे आणि सही खात्यावर आहे तशीच करावी. मूळ डीडी जोडण्याआधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवावी आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. बँक संगणकावर दोन गोष्टी पाहते: हा डीडी आधी वटलेला नाही ना, आणि त्याची दुसरी प्रत दिली गेलेली नाही ना. त्यानंतर ती डीडीवरच मुदतवाढीची नोंद करून अधिकाऱ्यांच्या सह्या देते, किंवा जुना रद्द करून नवा देते. चेकच्या प्रतिमेवरून क्लिअरिंग होऊ लागल्यापासून खाडाखोड नसलेला नवा कागद मला जास्त बरा वाटतो. कॉलेज ऑनलाइन पैसे घेत असेल तर डीडी रद्द करून रक्कम खात्यात घ्यावी आणि तिथून पाठवावी, हे सर्वांत सुटसुटीत. बँक यासाठी शुल्क आणि त्यावर जीएसटी घेते. किती ते आधी विचारावे.

या शेतकऱ्याकडे काउंटरवर स्टँपपेपरवर इंडेम्निटी बाँड आणि दोन जामीनदारही मागितले गेले. ही सरळ चुकीची मागणी आहे. हमीपत्र लागते ते डीडी हरवला तर, कारण तो उद्या कोणाच्या तरी हातून बँकेत येऊ शकतो. इथे मूळ कागद बँकेच्याच हातात आहे, मग हमी कशाची? आणि खरोखर हरवला असेल तरी रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे आहे की मागणी आल्यापासून पंधरा दिवसांत दुसरी प्रत द्या, उशीर झाला तर त्या काळाचे मुदत ठेवीच्या दराने व्याज द्या. लेखी अर्ज, कॉलेजचे पत्र आणि मूळ डीडी घेऊन ते शाखाधिकाऱ्यांना भेटले, तेव्हा बाँडचा विषय निघालाच नाही. जुना डीडी रद्द होऊन नवा मिळाला, खात्यातून फक्त शुल्क गेले.

चेकचे मात्र वेगळे आहे. चेकमागचे पैसे तो देणाऱ्याच्या खात्यात असतात, त्यामुळे बँक स्वतः त्याची मुदत वाढवू शकत नाही. देणाऱ्यानेच तारीख बदलून तिथे पूर्ण सही करावी. चेकवर दुसरी कुठलीही दुरुस्ती चालत नाही, पण मुदतीसाठी तारखेची चालते. तरी नवीन चेक घेणेच चांगले. विमा कंपनीचा किंवा परताव्याचा चेक असेल तर तो स्पीड पोस्टाने परत पाठवून रक्कम थेट खात्यात मागावी. आणि मुदत संपलेला चेक भरून तो परत आला तर चेक न वटल्याचा, कलम 138 चा खटला त्यावर उभा राहत नाही. मूळ येणे वसूल करण्याचा हक्क तेवढा राहतो.

बँकांना माझी विनंती आहे की मुदतवाढीच्या अर्जाचा मराठी नमुना शाखेत ठेवावा आणि अर्ज कोणी करायचा ते त्यावर ठळक छापावे. कॉलेजांनी प्रवेश पक्का झाल्यावर आठवड्याभरात डीडी भरावा. त्यांच्या उशिरामुळे मुदत संपली तर नवीन डीडी मागण्याआधी पालकाला मूळ डीडी आणि संमतीपत्र द्यावे, आणि बँकेचे शुल्कही कॉलेजने सोसावे. लेखी तक्रारीला बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते. शिक्का मारलेली पोच तिथे जोडावी.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
तासगाव, जि. सांगली