शेंगदाणे आणि आयईएलटीएस

सांगली, विश्रामबाग

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. साताऱ्यात इंग्रजीत बोलायला कुणी भेटत नाही, आणि आयईएलटीएसच्या इंग्रजी परीक्षेचं स्पीकिंग पाच आठवड्यांवर आलंय, हे वाचून मला माझाच मागच्या वर्षीचा चेहरा दिसला. पहिल्या खेपेला मला स्पीकिंगला 6 मिळाले होते आणि लागत होते 6.5. लिसनिंग-रीडिंग चांगलं गेलं होतं, त्यामुळे जास्तच झोंबलं. दुसऱ्या खेपेला 7 आले. मधल्या दोन महिन्यांत मला इंग्रजी बोलणारा असा कुणीच जोडीदार नव्हता. आई होती, आणि आईला इंग्रजी येत नाही.

आधी माझी चूक सांगतो. इथल्या एका क्लासनं पाठ करायला पाच-सहा गोष्टी दिल्या होत्या. आजोबांची एक गोष्ट तर अशी होती, की 'आवडती व्यक्ती' असो, 'मिळालेला सल्ला' असो किंवा 'जुनी वस्तू', सगळीकडे तीच चिकटवायची. परीक्षेत मी ती घडाघड म्हटली. पुढे तिसऱ्या भागात परीक्षक बाईंनी त्याच विषयावर साधं 'का?' विचारलं आणि माझी गाडी चिखलात रुतली. आधीची दोन मिनिटं एका माणसाची आणि नंतरची चार दुसऱ्याच माणसाची, हे समोरच्याला कळतंच रे. त्यांचं रोजचं काम ते.

स्पीकिंगची सगळी मुलाखत 11 ते 14 मिनिटांची, तीन भागांत. पहिल्या भागात घर, काम, सवयी असले प्रश्न येतात, त्याची तुला काळजी नाही. आपल्यासारख्यांची दांडी उडते ती दुसऱ्या भागात. विषयाचं कार्ड हातात येतं, तयारीला एक मिनिट, कागद-पेन्सिल मिळते आणि मग एक ते दोन मिनिटं एकट्यानं बोलायचं. समोरचा मध्ये काही बोलत नाही. म्हणजे या भागाच्या सरावाला जोडीदार लागतच नाही, ऐकणारा लागतो. हे कळायला मला एक परीक्षा घालवावी लागली.

मी स्वतःच एक कार्ड केलं: पाण्याजवळची तुला आवडणारी जागा. म्हटलं, आपला कृष्णेचा घाट. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं आणि बोललो. 48 सेकंदांत संपलं! 'इट इज व्हेरी नाइस, व्हेरी पीसफुल' याच्यापुढे शब्दच नाहीत.

दुसऱ्या दिवशी आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिला म्हटलं, मी इंग्रजीत बोलतो, मी अडखळलो की एक दाणा बाजूला ठेव. दोन मिनिटं कशीतरी ओढली. 23 दाणे. पण खरी गोष्ट ती पुढं बोलली. म्हणाली, "वाक्य संपल्यावर तू थांबत नाहीस. मधेच थांबतोस, पाय घसरल्यासारखा." भाषा न कळणाऱ्या माणसानं एवढं अचूक निदान करावं! सगळं रहस्य तिथंच आहे. वाक्य संपवून, पुढं काय सांगायचं याचा विचार करत थांबलं तर ते कुणालाच खटकत नाही. मराठीतही आपण तसंच थांबतो. वाक्याच्या पोटात, शब्द किंवा काळ शोधायला थांबलं की गुण जातात. गुणांच्या सगळ्यात वरच्या बँडच्या वर्णनातही हाच फरक केलाय, की थांबणं मजकुरासाठी असावं, शब्द किंवा व्याकरण शोधण्यासाठी नाही.

मग मी आईपुढच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द कागदावर उतरवला. 'अं', 'अ' सकट. दोन मिनिटांना अर्धा तास लागला, कंटाळा आला, पण हे टाळू नकोस. दोन रोग सापडले. पहिला 'मीन्स'. आपलं 'म्हणजे' जिथं जिथं येतं तिथं मी 'मीन्स' घालत होतो, अकरा वेळा. दुसरा रोग काळाचा. 'लहानपणी आम्ही घाटावर जायचो' हे मला सांगायचं होतं आणि तोंडातून येत होतं 'वुई आर गोइंग'. आपल्या 'जायचो', 'बसायचो'साठी इंग्रजीत सरळ 'यूज्ड टू' आहे, नाहीतर 'वुड'. ते जिभेवर नव्हतं, म्हणून बरोबर त्याच जागी पाय घसरत होता. आईचे दाणे आणि माझा कागद शेजारी ठेवले तर निम्मे दाणे तिथलेच निघाले.

मग गोष्टच काळावर बेतली. आधी लहानपणी काय करायचो. मग एक घडलेला प्रसंग: ऑगस्ट 2019 चा महापूर, जेव्हा गावात जो तो आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं एवढंच विचारत होता, "आयर्विनला किती फूट?" शेवटी आता तिथं गेल्यावर काय वाटतं. तीन काळ, तीन तुकडे, आणि दोन मिनिटं कमीच पडायला लागली. तयारीच्या मिनिटात मी पूर्वी अख्खी वाक्यं लिहायचो, दोन होईस्तोवर वेळ संपायचा. आता फक्त पाच-सहा शब्द, त्यात क्रियापदं इंग्रजीत. तो कागद ते परत घेतात, पण त्याला गुण नसतात, त्यामुळे अक्षराची फिकीर करू नकोस. मराठीत टिपलं तर बोलताना भाषांतर करत बसावं लागतं, असा माझा अनुभव.

एक कार्ड मी तीनदा बोलायचो. आधी तीन मिनिटांत, मग तेच दोन मिनिटांत, मग दीड. मजकूर ओळखीचा झाला की डोकं शब्दांकडं मोकळं होतं आणि मधलं अडखळणं आपोआप कमी होतं. फक्त तिसऱ्या खेपेनंतर ते कार्ड सोडून द्यायचं. चौथ्यांदा बोललास तर पाठ होतं, आणि पाठ झालेल्याचं काय होतं ते वर सांगितलंच. पंधरा दिवसांनी नवीन कार्डावर आईकडं नऊ दाणे जमले. तिनं ते खाऊनही टाकले.

तिसऱ्या भागाला मात्र हे पुरत नाही. तिथं प्रश्न कुठून येईल हे माहीत नसणं, हाच सराव. मी डब्यात मराठी चिठ्ठ्या टाकल्या: 'का?', 'पूर्वी कसं होतं?', 'सगळ्यांना असंच वाटतं का?', 'पुढं काय होईल?' कार्ड संपलं की आई एक काढून वाचायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचो. घाटावरून 'पूर्वी कसं होतं?' आलं की नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांपासून घरातल्या नळापर्यंत जावं लागायचं. तरीही घरच्या माणसापुढं भीड नसते, आणि इंग्रजीतला प्रश्न कानानं पकडायचा राहूनच जातो. त्यासाठी शेजारच्या निवृत्त मास्तरांकडं दर रविवारी अर्धा तास मागून घेतला आणि तो सगळा तिसऱ्या भागालाच दिला. घर-काम-सवयी विचारण्यात त्यांचा एक मिनिटही घालवला नाही. असा एखादा माणूस साताऱ्यात तुलाही मिळेल. रोज नको, आठवड्याला एकदा पुरे.

उच्चाराचं टेन्शन घेऊ नकोस. आपला मराठी हेल चालतो, समजलं पाहिजे एवढंच. मी फक्त 'व'कडं लक्ष दिलं. आपला एकच 'व' त्यांच्याकडं दोन कामं करतो, एक खालचा ओठ दाताला लावून आणि एक ओठ गोल करून. आरशापुढं दोन दिवस केलं, झालं.

आज रात्रीच एक कार्ड घे, बोल, आणि रेकॉर्डिंग न पुसता मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. लाजू नकोस, माझे 48 सेकंद अजून फोनमध्ये आहेत, तेही तुला ऐकवतो. शनिवारी इकडं येणार असशील तर कळव. आईनं नव्या शेंगा आणल्यात.

तुझा,
बाळ्या