बाबा, त्या दिवशीच्या लेडीज डब्याबद्दल

डोंबिवली

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आईने काल फोनवर सांगितलं की पुढच्या तपासणीला तुम्ही मुंबईला यायचं नाही म्हणताय. दिवाळीनंतर लोकलमध्ये जे झालं ते अजून तुमच्या मनातून गेलेलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी नुसतं "जाऊ द्या" म्हटलं. ते चुकलं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आईला एकटीला गाडीत चढता येत नाही, तिचा हात धरून तुम्ही चढलात. डबा लेडीज होता हे तुम्हाला कळायच्या आत चार बायका "काका, उतरा, उतरा" म्हणून ओरडल्या. सत्तरीतला माणूस, सोबत बायको, कुणाला काय त्रास देणार, असं तुम्हाला वाटलं. तुमचं दुःख मला समजतं. पण त्या का ओरडल्या तेही समजून घ्या.

डोंबिवलीहून सुटलेल्या बऱ्याच फास्ट गाड्या थेट ठाण्याला थांबतात. मधली पंधरा-वीस मिनिटं डब्यात बाहेरचं कुणीही येऊ शकत नाही. गार्ड शेवटच्या डब्यात, पोलीस फलाटावर. लेडीज डब्यात पोलीस बसतो तो रात्री. त्यामुळे माणसाला अडवायचं तर गाडी सुटायच्या आत. तेवढ्या वेळात चेहरा बघून भला-बुरा ठरवता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच ओरडायचं.

हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आई घाबरेल म्हणून. मार्चमध्ये एकदा मी दुपारीच घरी निघाले होते. डब्यात आम्ही सहाजणी. ठाण्याला गाडी हलताना एक माणूस धावत चढला आणि समोरच्या बाकावर येऊन बसला. उतर म्हटलं तर हसला. नंतर जागेवरून उठून एका कॉलेजच्या मुलीच्या अगदी शेजारी जाऊन बसला. आम्ही सगळ्या उठून तिच्याभोवती उभ्या राहिलो. एकीने 139 वर फोन लावला. कुठली गाडी, कुठल्या दिशेला, पुढचं स्टेशन कोणतं आणि डब्यात आत रंगवलेला नंबर, एवढं सांगितलं. डोंबिवलीला आरपीएफचे दोघे फलाटावर उभे होते, त्यांनी त्याला उतरवून नेलं. तोवरची ती मिनिटं फार लांब होती, बाबा. त्याला चढतानाच कुणी अडवलं असतं तर ती वेळ आली नसती.

आता कायद्याचं. तुम्हाला वाटतंय तुमच्या नावावर गुन्हा लागला. तसं काही नाही. 1989 च्या रेल्वे कायद्याचं कलम 162 आहे. डबा बायकांचा आहे हे माहीत असून पुरुष चढला, किंवा रेल्वेच्या माणसाने सांगूनही उतरला नाही, तर तो गुन्हा. त्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड लिहिलेला आहे आणि तिकीट किंवा पासही जप्त होऊ शकतो. तुम्ही न कळता चढलात आणि ठाण्याला स्वतःहून उतरलात. म्हणूनच तिथल्या बाई कॉन्स्टेबलने तुम्हाला समज देऊन सोडलं.

ताईच्या धाकट्याला मात्र आई लेडीजमध्ये नेऊ शकते, बाईमाणसासोबत बारा वर्षांच्या आतला मुलगा चालतो. काही लेडीज डबे रात्री अकरानंतर सगळ्यांसाठी खुले होतात, वेळ दाराजवळ लिहिलेली असते. एरवी डबा ओळखायचा तो तिरप्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांवरून. फलाटावरही तशाच पट्ट्या असतात, तिथे उभं राहायचं नाही.

बाबा, एसटीत कंडक्टर असताना बायकांच्या सीटवर बसलेल्या पुरुषांना तुम्ही उठवायचात. त्यांत म्हातारेही असायचे. "रागावू नका, पण जागा त्यांची आहे" असं तुम्ही म्हणायचात. मी लहानपणी पुढच्या सीटवर बसून ते ऐकलंय. त्या बायकांना तुमच्यासारखं सांगता आलं नाही एवढंच.

आणि आईने लेडीजमध्येच बसायला हवं असं थोडंच आहे? जनरल डबा बायकांनाही आहे. पुढच्या वेळी तुम्ही दोघं एकत्रच बसा, तिथे ज्येष्ठांसाठी काही जागाही राखून ठेवलेल्या असतात. फास्ट गाडी नकोच. डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो गाडी धरू, ती फलाटावर रिकामी लागते आणि परळला थांबते. सकाळची गर्दी ओसरल्यावर, अकराच्या सुमारास निघू. मी रजा टाकली आहे, तुमच्यासोबतच जनरलमध्ये बसेन.

आई, तू मधे बस, दारापासून लांब. आणि मागच्या वेळची फाईल पिशवीत वरच ठेव, डॉक्टर आधी तीच मागतात.

तुमची,
छोटी