चिऊच्या तापाबद्दल, मधुरासाठी

प्रिय मधुरा,

पहाटे साडेतीनला तुझा फोन आला तेव्हा मी तुला दोनच गोष्टी सांगितल्या. सकाळी नऊपर्यंत कुठलंही औषध देऊ नकोस आणि चिऊला घोटघोट पाणी पाजत राहा. का, ते तेव्हा सांगत बसले नाही, कारण तू रडत होतीस आणि शेजारी चिऊही रडत होती. आता ती झोपली आहे म्हणालीस, म्हणून निवांत लिहिते.

आधी रात्रीचा हिशेब मांडू. चिऊचं वय वीस महिने, वजन ११ किलो. रात्री नऊला ताप १०३.४ भरला, तू घरातल्या बाटलीतून ५ मिली पॅरासिटामॉल दिलंस. त्या बाटलीवर ‘५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम’ असं छापलेलं आहे. साडेअकराला ताप १०१.६ होता. ‘उतरतच नाहीये’ म्हणून नवी बाटली आणली आणि तिच्यातूनही ५ मिलीच दिलंस. पण ती बाटली ५ मिलीला २५० मिलिग्रॅमची होती, म्हणजे त्याच चमच्यात दुपटीहून जास्त औषध गेलं. तीन वाजता नाक चोंदलं म्हणून सर्दीचं सिरप दिलंस. त्याच्या लेबलवर तिसऱ्या ओळीत बारीक अक्षरात पॅरासिटामॉल आहे, तू दिलेल्या मापात १२५ मिलिग्रॅम. (असली सर्दीची मिश्र औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊच नयेत. ती बाटली आजच टाकून दे.)

बेरीज झाली ४९५ मिलिग्रॅम, सहा तासांत.

किती द्यायला हवं होतं? पॅरासिटामॉल वजनावर मोजायचं असतं, एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. चिऊसाठी ११ गुणिले १५, म्हणजे १६५. दोन डोसांमध्ये कमीत कमी चार तास, मी स्वतः सहा तास धरते, आणि चोवीस तासांत चारच्या वर डोस नाहीत. म्हणजे अख्ख्या दिवसाची तिची मर्यादा ६६०. त्यातलं पाऊण औषध एका रात्रीत संपलं. आज रात्री नऊपर्यंत तिला फार तर आणखी एक डोस देता येईल, तोही ती अस्वस्थ असेल तरच.

घाबरू नकोस, एवढ्याने तिला अपाय झालेला नाही. एकाच वेळच्या विषबाधेची काळजी यापेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेला सुरू होते. मला भीती वाटते ती हाच वेग दोन-तीन दिवस चालू राहण्याची. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो आणि यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला निकामी करतं. तापात मूल जेवत नाही, उलट्या करतं, तेव्हा हा साठा आटतो. त्यात दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं जास्त औषध पडत गेलं की यकृताला इजा होऊ लागते. मळमळ, उलट्या, अन्नावरची वासना उडणं, मलूलपणा ही तिची पहिली लक्षणं. आईला वाटतं आजारच वाढलाय, आणि ती आणखी एक डोस देते. म्हणून कधी डोस खूप जास्त गेल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट पाहायची नाही, बाटली घेऊन सरळ रुग्णालयात जायचं. उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगलं काम करतो.

आता साडेअकराकडे येते, कारण खरी चूक तिथे झाली. १०१.६ वाचून तुला वाटलं औषध लागू पडलं नाही. मधुरा, ते पुरतं लागू पडलं होतं! योग्य डोस दिल्यावर अर्ध्या ते एका तासात परिणाम सुरू होतो, दोन-तीन तासांत तो पूर्ण दिसतो, आणि ताप साधारण दोन अंशांनी उतरतो. ९८.६ पर्यंत यावा अशी अपेक्षाच चुकीची आहे.

जंतूंशी लढताना मेंदूतलं तापमानाचं केंद्र स्वतःच शरीराचा आकडा वर नेऊन ठेवतं. ताप चढताना चिऊचे हातपाय गार पडले, ती कुडकुडली, ते त्यामुळे. शरीर मुद्दाम उष्णता साठवत होतं. पॅरासिटामॉल हे केंद्र काही तासांसाठी थोडं खाली आणतं, बस. जंतूंवर त्याचा काहीही परिणाम नाही, आजार त्याने एक दिवसही लवकर संपत नाही. असर ओसरला की ताप पुन्हा चढतो, आणि तोही बिघडल्याचा पुरावा नव्हे. यावरून तुला कळेल की ओल्या फडक्याने अंग पुसायला मी नको का म्हणते. केंद्र वर ठेवून कातडी गार केली तर शरीर आणखी कुडकुडतं आणि मूल नुसतं हैराण होतं. आणि संसर्गाच्या तापाचा १०३ किंवा १०४ आकडा मेंदूला इजा करत नाही. उन्हात किंवा बंद गाडीत अंग तापणं वेगळं. तिथे केंद्राचा ताबाच सुटलेला असतो, आणि शरीर ताबडतोब गार करावं लागतं.

मग औषध द्यायचं कशासाठी? मुलाला बरं वाटावं म्हणून. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये हेच लिहून ठेवलं: उद्देश मुलाचा आराम, तापमान नॉर्मलला आणणं नव्हे. ताप १०३ असूनही चिऊ ठोकळे रचत असेल तर औषधाची गरज नाही. १०१ असताना अंग दुखून किरकिरत असेल, घोटभर पाणीही घेत नसेल, तर जरूर दे. झोपली असेल तर ताप मोजायला किंवा औषध द्यायला उठवू नकोस.

एक प्रसंग सांगते, तुला आजवर कधी सांगितला नव्हता. शिकाऊ डॉक्टर असताना माझ्याकडे आठ महिन्यांचं बाळ होतं, ताप १०३. मी पॅरासिटामॉल दिलं, दोन तासांनी ताप ९९ आला, आणि मी कागदावर समाधानाने लिहिलं, ‘ताप उतरला.’ रात्रपाळीच्या जुन्या सिस्टर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “डॉक्टर, ताप गेलाय, पण पोर माझ्याकडे बघत नाही.” मी परत गेले. बाळ आईच्या खांद्यावर पडून होतं, डोळे उघडे, पण कुणाच्या चेहऱ्यावर ठरत नव्हते. मांडी हलवली की कण्हायचं. मेंदूज्वर निघाला. अँटिबायोटिक वेळेवर सुरू झालं, बाळ बरं होऊन घरी गेलं. ते त्या सिस्टरमुळे, माझ्यामुळे नाही. औषधाने ताप उतरतो तो साध्या विषाणूचाही आणि मेंदूज्वराचाही. उतरला म्हणून आजार हलका असं समजता येत नाही, आणि कमी उतरला म्हणून गंभीर असंही नाही.

म्हणून डोसानंतर तासा-दीड तासाने थर्मामीटर न लावता चिऊजवळ बस. अंग दुखायचं थांबलं की साध्या आजारातलं मूल थोडा वेळ तरी स्वतःसारखं होतं. तुझ्याकडे बघतं, हाक मारली तर वळतं, आवडतं खेळणं हातात धरतं, दोन घोट पितं. ही थोड्या वेळाची जाग मला फार मोलाची वाटते. औषधाचा असर पुरता असतानाही ती मलूल राहिली, उठवून उठत नाही, रडणं क्षीण किंवा कर्कश आहे, मान वाकवू देत नाही, तर आकडा कितीही असो, लगेच दाखवायचं.

लघवीकडेही लक्ष ठेव. जेवण दोन दिवस राहिलं तर चालेल, पाणी राहून चालणार नाही. सहा-आठ तास लंगोट कोरडा, तोंड सुकलेलं, रडताना अश्रू नाहीत, म्हणजे शरीरातलं पाणी कमी पडतंय. अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले तर काचेचा पेला दाबून बघ. दाबल्यावरही पेल्याखाली ते मावळत नसतील तर थांबायचं नाही. ताप पाचव्या दिवशीही राहिला तर बाकी सगळं ठीक असलं तरी डॉक्टरांना दाखव. आणि तुझ्या वहिनीच्या बाळासाठी वेगळा नियम, ते अजून तीन महिन्यांचं नाही. त्या वयात १००.४ किंवा त्याहून जास्त ताप भरला की घरी औषध देऊन वाट पाहायची नाही, त्याच वेळी डॉक्टर गाठायचा.

झटक्यांचं विचारलंस. तू लहानपणी तापात झटके अनुभवलेत, म्हणून तुझी भीती मला कळते. पण तापाचं औषध वेळेआधी दिल्याने झटके टळत नाहीत, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. आलेच तर कुशीवर वळव, तोंडात काहीही घालू नकोस, घड्याळ बघ. बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत थांबतात. पाच मिनिटं उलटली तर रुग्णवाहिका बोलाव. आणि पहिलाच झटका असेल तर थांबल्यावरही त्याच दिवशी दाखव.

घरात पॅरासिटामॉलची एकच बाटली ठेव, १२० वाली. तिच्यात एका मिलीला २४ मिलिग्रॅम, म्हणून १६५ साठी सुमारे ६.९ मिली येतात. तू साडेसहा धर. (२५० वाल्या बाटलीतून हेच ३.३ मिली होतात, आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या थेंबांतून जेमतेम दीड मिलीच्या वर. एकच औषध, तीन मापं. यातच माणसं फसतात.) बाटली नीट हलवून बिनसुईच्या सिरिंजने मोज, घरातला चमचा नको, आणि दिल्याची वेळ दाराला लावलेल्या कागदावर लिही, म्हणजे रात्री तू झोपलीस तरी दुसऱ्याला कळेल.

आता एक काम कर. चिऊ झोपलेलीच असेल तर तिच्या छातीवरचा कपडा वर कर आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोज, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नकोस. तिच्या वयात मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर मला लगेच फोन कर. मी दवाखान्यात यायला सांगेन. त्याखाली असेल तर फक्त आकडा पाठव, मी फोन जवळच ठेवलाय.

तुझी,
वैशू