विषय : थंब लागत नाही म्हणून वृद्ध खातेदाराला पैसे न देता परत पाठवल्याबद्दल

प्रति,
तक्रार निवारण विभाग,
(गावोगावी बँकेची ग्राहक सेवा केंद्रे चालवणारी आपली कंपनी)
प्रत : शाखा व्यवस्थापक, खाते असलेली बँक

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात राहतो. ही तक्रार माझ्या आईच्या वतीने करत आहे. तिचं वय 74 आहे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये तिच्या बँक खात्यात जमा होतात आणि ते ती गावातल्या तुमच्या केंद्रातून काढते. दिवाळीनंतर मात्र ती दर वेळी रिकाम्या हाताने घरी येते. खात्यात पैसे आहेत, पासबुकात नोंद आहे, आधारही जोडलेलं आहे. तरी केंद्रचालकाचं उत्तर ठरलेलं असतं, "आजी, थंब लागत नाही, आधार अपडेट करून या." कधी तो "सर्व्हर डाउन आहे" असंही म्हणतो. यातलं खरं काय, हे कळायला काहीच मार्ग नाही, कारण व्यवहार फसल्याची पावती तो देत नाही.

पहिली तक्रार या पावतीचीच आहे. बोट लावल्यावर दोन ठिकाणी नकार येऊ शकतो. ठसा पुसट असेल तर मशीनच तो घेत नाही आणि बोट पुसून पुन्हा लावायला सांगतं. ठसा घेतला गेला, पण आधारच्या नोंदीशी जुळला नाही, तर आधारकडून 300 हा कोड येतो. खातेदाराने बायोमेट्रिक लॉक केलं असेल तर 330 येतो आणि तिथे बोट कितीही घासलं तरी उपयोग नाही, लॉकच उघडावं लागतं. तिन्हींवर इलाज वेगळा आहे. तुमच्या केंद्रात तिन्हींना "थंब लागत नाही" नाहीतर "सर्व्हर" म्हणतात. शिवाय म्हाताऱ्या माणसाला न विचारता पुन्हा पुन्हा बोट लावायला लावलं आणि कागद काहीच दिला नाही, तर त्यातला एखादा व्यवहार पार पडून गेला की नाही, हे तिला कसं कळणार? आमच्या बाबतीत तसं घडलेलं नाही, पासबुक भरून पाहिलं आहे. पण ज्या म्हातारीला वाचता येत नाही तिचं काय?

आता बोटांबद्दल. आई अजून कापूस वेचायला जाते. वाळलेल्या बोंडाची टोकं अंगठ्याला आणि तर्जनीला लागून लागून तिथली कातडी गुळगुळीत होते. त्यात थंडीचा कोरडेपणा आणि वयामुळे सैल, पातळ झालेली त्वचा. तुमचा माणूस नेमका उजवा अंगठा आणि त्याच हाताची तर्जनी, एवढंच लावून पाहतो, म्हणजे सगळ्यात जास्त झिजलेली बोटं. आईच म्हणाली, "दहा बोटं हायेत ना मले, हा एकच काऊन घासून रायला?"

तिचं बरोबर होतं. घाटंजीच्या दुसऱ्या एका केंद्रातल्या मुलीने तिची दहाही बोटं एकेक करून तपासली. उत्तम बोट शोधण्याची ही सोय आधारच्या यंत्रणेत आधीपासून आहे. कोणतं बोट सगळ्यात चांगलं जुळतं, ते त्यातून कळतं. आईचं डाव्या हाताचं अनामिका बोट निघालं. वेचताना त्या बोटावर कमी भार येतो. मुलीने कोमट पाण्याने हात धुवायला लावले, कोरडे केले, बोटाला अगदी थोडं खोबरेल तेल लावून ते पुसून टाकलं आणि मशीनची काचही पुसली. पैसे निघाले. मी हे बोट तुमच्या चालकाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आमच्याकडे अंगठाच चालतो." हे खोटं आहे. कोणतंही बोट चालतं.

अपडेटचा सल्ला तर या दिवसांत उलटाच पडू शकतो. वेचणीच्या हंगामात जाऊन नवे ठसे दिले तर झिजलेले ठसेच नोंदवले जातील आणि मग चैत्रात बोटं बरी झाल्यावरही जुळतीलच असं नाही. जखमेचा खोल व्रण नसेल तर रेषा आतून पुन्हा वर येतात, म्हातारपणी वेळ लागतो इतकंच. म्हणून अपडेट करायचंच तर हाताला काही आठवडे विश्रांती देऊन करावं, आणि त्या वेळी डोळ्यांची बुबुळंही नव्याने नोंदवावीत.

चेहऱ्याचा पर्याय तुमच्या अ‍ॅपमध्ये दिसतो. तो चालकाने एकदाच वापरला, आणि तोही आईला दाराकडे पाठ करून बसवून. टिनाच्या दुकानात मागून ऊन आलं की चेहरा काळाच दिसणार. पदर कपाळावर होता, चष्मा नाकावर होता, आणि डोळ्यांची उघडझाप करायला कोणी सांगितलं नाही. समोर जिवंत माणूस आहे, फोटो नाही, हे अ‍ॅप त्या उघडझापेवरूनच ओळखतं. दाराकडे तोंड करून, पदर मागे सारून बसवलं असतं तर निदान निकाल खरा आला असता. तरीही काही म्हाताऱ्यांचा चेहरा जुळणार नाही, हे मी मान्य करतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काळा चष्मा असतो, आणि आधारचा फोटो कित्येकांचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे.

अशा माणसांचं काय करायचं, याचं उत्तर तुमच्याकडे असायलाच हवं. आधार प्रमाणीकरणाच्या 2021 च्या नियमावलीनुसार प्रमाणीकरण वापरणाऱ्या संस्थेने अपवाद हाताळण्याची आणि ओळख पटवण्याची पर्यायी व्यवस्था ठेवायची आहे. तुमच्या केंद्रात असं काही नाही. अपवादाची वहीसुद्धा नाही.

यात फार मोठी गोष्ट करायची नाहीये. आईच्या जनधन खात्याचं रुपे कार्ड आहे. तुमच्या मशीनवर कार्ड आणि पिन चालतो, पण पिन कधी काढून दिला नाही, म्हणून कार्ड डब्यात पडून आहे. बँकेच्या शाखेत पासबुक, पैसे काढण्याची पावती आणि सही किंवा शाईचा अंगठा यावर पैसे मिळतातच. आमच्याच गावातले निवृत्त गुरुजी नोव्हेंबरात शाखेत कोषागाराच्या यादीवर सही करून हयातीचा दाखला देतात, त्यांच्या बोटाला कोणी हातही लावत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. साक्षीदार बँकेच्या ओळखीचे हवेत आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने 9 नोव्हेंबर 2017 च्या परिपत्रकात सांगितलं आहे. पण शाखा आमच्या गावापासून दूर आहे आणि म्हातारी माणसं एसटीने कशी जातात, हे तुम्हाला माहीत नसेल तर एकदा येऊन पाहा.

म्हणून माझी मागणी अशी. आईची दहा बोटं आमच्या केंद्रातच तपासून जे बोट जुळेल ते तिच्या पासबुकावर लिहून द्यावं. व्यवहार फसला तर कोडसकट पावती द्यावी. बोट आणि चेहरा दोन्ही जुळले नाहीत तर चालकाने नाव, तारीख आणि कारण वहीत लिहावं आणि ती यादी शाखेला द्यावी, म्हणजे ठरलेल्या दिवशी बँकेचा माणूस पासबुक व पैसे काढण्याची पावती पाहून गावात पैसे देऊ शकेल. रुपे कार्डाचा पिन काढायला शाखेने मदत करावी. हे व्यवस्थापक साहेबांना उद्देशून आहे, कारण तुमचं केंद्र त्यांच्या बँकेच्या नावाने चालतं आणि जबाबदारीही त्यांचीच आहे.

आधार क्रमांक या पत्रात मुद्दाम लिहिलेला नाही, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडली आहे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर बँकेविरुद्ध तक्रार नोंदवेन. कृपया या पत्राची पोच द्यावी.

आपला,
खातेदाराचा मुलगा
ता. घाटंजी, जि. यवतमाळ