पासवर्ड बदलला, पण शेजारच्यांकडे दिलेली चावी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नातं तुटल्यावर काय करावं, यावरच्या आपल्या पुरवणीतल्या लेखात मोबाईलबद्दल एकच वाक्य होतं: पासवर्ड बदला. दादरला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तेवढ्याने भागत नाही, हे मी नुकतंच पाहिलं, म्हणून हे पत्र. ज्या मुलीची गोष्ट सांगतोय, तिला विचारूनच लिहितोय.

ती आली ती नवाकोरा फोन घेऊन. म्हणाली, "काका, यात त्याने काहीतरी टाकलंय. फॉरमॅट मारा." दोघं तीन वर्षं मुलुंडला एकत्र राहत होती. वेगळी झाल्यावर तिने जीमेलचा पासवर्ड बदलला, फोनही नवा घेतला. त्याच रात्री त्याचा मेसेज आला, 'नवीन फोनबद्दल अभिनंदन', आणि त्यात फोनचं मॉडेलसुद्धा. घाबरून तिने आणखी दोनदा पासवर्ड बदलला. दोन्ही वेळा त्याला कळलं.

खरं सांगायचं तर पूर्वी मी पाचशे रुपये घेऊन फॉरमॅट मारून दिला असता. पण फोन त्याच्या हाती कधी गेलाच नव्हता, मग टाकणार काय आणि कधी? मी तिला गूगल अकाउंटमधला सिक्युरिटी विभाग उघडायला सांगितला. रिकव्हरी ईमेलच्या रकान्यात त्याचा पत्ता! चार वर्षांपूर्वी तिचा फोन त्यानेच चालू करून दिला होता, तेव्हा टाकलेला. ती विसरूनही गेली होती.

नवीन फोनवर लॉगिन झालं किंवा पासवर्ड बदलला की गूगल इशाऱ्याचा मेल पाठवतं, आणि त्याची प्रत रिकव्हरी ईमेलवरही जाते. हेरगिरीचं अॅप वगैरे काही नव्हतं. गूगलच त्याला इमानेइतबारे कळवत होतं. आपण मुंबईकर घराची एक चावी शेजारी ठेवतो ना, तसंच हे. कुलूप कितीही बदला, नव्या कुलपाची चावी पुन्हा शेजारीच जात असेल तर उपयोग काय? 'पासवर्ड विसरलो' म्हटल्यावर कोडही त्याच पत्त्यावर जाऊ शकतो. त्यात तिचा जुना लॅपटॉप त्याच्याच घरी होता. नेहमीच्या यंत्रावरून, नेहमीच्या जागेवरून केलेली मागणी गूगलला जास्त विश्वासाची वाटते.

म्हणून दुकानातच, तिच्या स्वतःच्या फोनवरून, एका बैठकीत सगळं केलं. आधी रिकव्हरी ईमेल आणि रिकव्हरी नंबर बदलले, लगेच पासवर्ड बदलला. मग `Your devices` उघडून लॅपटॉप आणि त्याच्या हॉलमधला टीव्ही साइन आउट केला. दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. एक गोष्ट मात्र तिला दोनदा बजावली: रिकव्हरी पत्ता किंवा नंबर बदलल्यावरही 7 दिवस गूगल जुन्या ठिकाणी कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. चोराने पत्ता बदलला तर खऱ्या मालकाला परत येता यावं, म्हणून ही सोय आहे. इथे ती उलटी पडते. तेव्हा तो आठवडाभर `Your devices` रोज बघायचं.

लॅपटॉप साइन आउट झाला तरी त्याच्या क्रोममध्ये साठलेले पासवर्ड तिथेच राहू शकतात. passwords.google.com वर यादी काढली तर एकतीस निघाले. रेल्वे तिकीट, वीजबिल, जेवण मागवायचं अॅप. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण त्यात तिचा नवा पत्ता होता. ते एकेक करून बदलावे लागतात, दुसरा इलाज नाही. जिथे 'सगळीकडून लॉगआउट' आहे, तिथे तेही करायचं.

पण एक अडचण सांगायलाच हवी. रिकव्हरी ईमेल काढला, की त्याचीही सूचना जुन्या पत्त्यावर जाऊ शकते. म्हणजे समोरच्याला कळणार. माणूस मारहाण करणारा, पाठलाग करणारा असेल, तर आधी सुरक्षित जागी जावं, जवळच्या कोणाला सांगावं. महिलांसाठी 181 हेल्पलाइन आहे. आणि काहीही काढायच्या आधी उपकरणांच्या यादीचे, मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट घ्यावेत. साइन आउट केलेलं जुनं यंत्र काही आठवड्यांनी यादीतून जातं, मग दाखवायला काही उरत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66C खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार cybercrime.gov.in वर करता येते.

त्या मुलीला सहाव्या दिवशी एक कोड आला, तिने न मागितलेला. तिने तो कोणाला दिला नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवला. नवव्या दिवशी दुकानात येऊन तिने यादी दाखवली. साइन इन असलेला एकच फोन होता, तिचा.

आपला,
एक मोबाईल दुरुस्तीवाला, दादर