तंबाखूची लस कुठंय, मंत्रीसाहेब? कोल्हापुरातून एक खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या पेठेतल्या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात तुम्ही माईकवर सांगून गेलात की तंबाखूवर लस येतीय, एक इंजेक्शन आणि विषय कट. टाळ्या पडल्या, तुम्ही फेटा बांधून पुढच्या कार्यक्रमाला गेलात, पण माझा थोरला भाऊ तिथंच मागं उभा होता. शिरोलीत फौंड्रीत आहे, दिवसाला मावा किती खातो ते मोजायचं मी सोडलंय. मोठ्या मिनतवारीनं डॉक्टरकडं जायला तयार झालेला. आता म्हणतोय, "लस येतीय की, तवर खातो." परवा तपासलं तर तोंडात दोन बोटं जेमतेम जातायत, आणि तांबड्या रश्श्याचा एक घोट घेतला की डोळ्यातनं पाणी. कोल्हापूरचा माणूस रस्सा बाजूला सारतो म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

मी मेडिकलात काम करतो, म्हणून जरा शोधून वाचलं. साहेब, ती लस येत नाहीय, येऊन गेली! निक्व्हॅक्स नाव होतं, अमेरिकेतल्या नाबी कंपनीची. निकोटीनचा रेणू इतका बारका की शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखतच नाही, म्हणून त्याला एका जंतूच्या प्रोटीनला चिकटवून टोचायचं, मग अँटीबॉडी तयार होतात आणि रक्तातच निकोटीनला पकडून ठेवतात, मेंदूत जाऊ देत नाहीत. मेंदूत पोचलं नाही तर किक नाही. कल्पना झकास. साधारण हजार-हजार सिगरेटवाल्यांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, 2011 मध्ये निकाल लागला, आणि पहिल्या चाचणीत खरी लस घेतलेल्यातले 11 टक्के सुटले, खोटी लस घेतलेल्यातलेही 11 टक्केच. दुसरीचंही तेच रडगाणं.

का फसली ते बघा. एक अँटीबॉडी फक्त दोन रेणू धरते, आणि ती स्वतः निकोटीनच्या जवळपास हजारपट जड. मी कॅल्क्युलेटरवर काढलं, नुसतं एक मिलीग्रॅम निकोटीन पुरतं बांधायला साडेचारशे मिलीग्रॅमच्या वर अँटीबॉडी पायजेत. आणि आमचा भाऊ दिवसभर गालात बार भरून बसलेला! बरं, प्रत्येकाच्या अंगात अँटीबॉडी सारख्या बनत नाहीत. आधीच्या छोट्या चाचणीत ज्यांच्यात भरपूर बनल्या त्यांनाच फायदा दिसला होता. आणि मुख्य म्हणजे तलफ लस मारतच नाही. किक जाते, चिडचिड तशीच राहते, मग माणूस आणखी एक पुडी फोडतो. नव्या लसींवर काम चालू असेल, पण भावाचा जबडा तवर थांबणार नाही.

खरं जवळ आलेलं काय, तर सायटिसिनिक्लिन, तंबाखू सोडवायची गोळी. ह्याच औषधाचं जुनं नाव सायटिसिन, झाडापासनं मिळतं, बल्गेरियात 1964 पासनं विकतात. मेंदूत निकोटीन जिथं बसतं तिथं ते अर्धवट बसतं, त्यामुळं तलफ कमी आणि वरनं तंबाखू खाल्ली तरी मजा कमी. अमेरिकेत 810 जणांवरची चाचणी 2023 ला छापून आली: 12 आठवडे गोळी घेतलेल्यांपैकी शेवटच्या चार आठवड्यांत 32.6 टक्के सिगरेटपासून पूर्ण लांब, नुसती साखरगोळी घेतलेले 7 टक्के. 2025 च्या जूनमध्ये कंपनीनं तिथं औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएकडं अर्ज टाकला. पण हे सगळं सिगरेटवाल्यांवर! आपल्याकडं 2016-17 च्या सर्वेत राज्यातले 24 टक्क्यांच्या वर मोठे लोक चघळणारे निघाले, आणि माव्यात वर सुपारी, तिचं वेगळंच व्यसन. तोंड आवळायला ती सुपारीच कारण, आणि तिच्यावर ह्या गोळीचा इलाज नाही.

त्याच जातीची व्हॅरेनिक्लिन मात्र आजच आहे. दिल्लीत चघळणाऱ्यांवर तिची चाचणी झालीय, फरक फार ठळक नव्हता, पण ज्यांनी गोळ्या नियमित घेतल्या त्यांच्यात जास्त सुटले. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. आणि भावासाठी मी सरकारी दवाखान्यात विचारलं तर काउंटरवरचा माणूस म्हणतो, "कसली गोळी?" हातात पोस्टर दिलं. पोस्टरवर तुमचा फोटो!

गुटखाबंदी 2012 पासनं आहे म्हणे. रात्री कुठल्याबी टपरीवर या, मी दाखवतो. कर घ्यायला सरकार, बंदी घालायला सरकार, टाळ्या घ्यायला पण सरकारच, आणि कॅन्सरचं बिल तेवढं आमचं. सगळ्याच पक्षांचं हेच, तुम्ही एकटेच नाही.

मागणं दोनच आहेत. व्हॅरेनिक्लिन आणि निकोटीन च्युइंगगम जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात ठेवा, बारा आठवडे पुरतील इतके, आणि ते कसं द्यायचं ते माहीत असलेला माणूस पण बसवा. दुसरं, आमच्या पेठेत परत या आणि त्याच माईकवर सांगा की लस येत नाहीय. भावाला मी पुढं उभा करतो.

आपला,
मेडिकलातला एक कामगार, कोल्हापूर